ब्लू टिक आली, उत्तर नाही

वाचकाचं पत्र

*वडिलांचं कराड भागात इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. घरांच्या छतावर सोलर बसवण्याचं काम आता मी बघतो. वेबसाइट करून घेतली, त्यावर चौकशीचा फॉर्म ठेवला. फॉर्म येतात, मी व्हॉट्सॲपवर मेसेज करतो आणि बहुतेक लोक गप्प बसतात. परवाचंच सांगतो. मलकापूरच्या एकांनी शनिवारी रात्री पावणेअकराला फॉर्म भरला. महिन्याचं बिल 2,800 लिहिलं आणि खाली प्रश्न टाकला, "3 किलोवॅटला किती खर्च? सबसिडी वजा करून द्यायचे का आधी पूर्ण भरायचे?" मी सोमवारी अकरा वाजता लिहिलं, "नमस्कार सर, आपल्या चौकशीबद्दल धन्यवाद. कृपया आपला मंजूर भार, मागील बिलांचे फोटो, छताचे फोटो, लोकेशन, भेटीची सोयीची वेळ व बजेट कळवावे. सोबत कोटेशन व कंपनी प्रोफाइल जोडले आहे." दोन पीडीएफ जोडल्या. आमचा 3 किलोवॅटचा दर 1,95,000 आहे. ब्लू टिक आली, शुक्रवार उजाडला, उत्तर नाही. विक्रीचं शिकवणारे एक जण व्हिडिओत सांगतात, किमान सात वेळा फॉलोअप घ्या. बाबा म्हणतात, गरज असेल तर येईल, मागे लागलं की आपला भाव पडतो. आता काय पाठवू, किती वेळा पाठवू आणि कधी सोडून देऊ?*

उत्तर

मोबाइल काढा आणि त्यांचा प्रश्न व तुमचा मेसेज एकाखाली एक वाचा. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या होत्या. तुम्ही सहा मागितल्या. किमतीचं उत्तर पीडीएफमध्ये कुठेतरी असेल, पण सबसिडीच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या मेसेजमध्ये नाहीच. म्हणजे त्यांच्या बाजूने पाहिलं तर प्रश्न त्यांनी विचारलाय आणि उत्तर तुमच्याकडून यायचं बाकी आहे. तुम्ही शुक्रवारपर्यंत त्यांची वाट पाहिलीत, तसेच कदाचित तेही तुमच्या उत्तराची वाट पाहून थांबले असतील.

हे सुनावायला सांगत नाही. तुमचा पुढचा मेसेज काय असावा, ते यावरूनच ठरतं, म्हणून सांगतो. 'सर, कोटेशन पाहिलं का?' असं विचारलंत तर त्यांच्यावरच्या कामात सातवं काम वाढेल, आणि त्यांचा प्रश्न होता तिथेच राहील.

आता बाबा आणि ते व्हिडिओवाले. दोघांचं म्हणणं उलट असलं तरी दोघांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे: गप्प बसणं हे त्या माणसाचं उत्तर आहे. बाबांच्या मते ते उत्तर 'नको' असं आहे आणि व्हिडिओवाल्यांच्या मते 'अजून जोर लावा' असं. मला वाटतं, पहिल्या मेसेजनंतरच्या शांततेवरून यातलं काहीच कळत नाही. बाबांचा अनुभव दुकानाच्या काउंटरवरचा आहे. तिथे काही न बोलता उठून गेलेल्या गिऱ्हाइकाने दुकान पाहिलेलं असतं, बाबांचा चेहरा पाहिलेला असतो, भाव कानावर पडलेला असतो. त्या माणसाचं निघून जाणं खरोखर काहीतरी सांगतं. मलकापूरच्या गृहस्थांनी मात्र एक अनोळखी नंबर आणि दोन फाइली पाहिल्यात.

अनोळखी नंबर म्हटल्यावर एक गोष्ट तुमच्या धंद्यात जास्तच लक्षात घ्यावी लागते. 'तुमचं वीजबिल भरलेलं नाही, आज रात्री कनेक्शन तोडणार, या नंबरवर फोन करा' असे खोटे मेसेज गेली काही वर्षं आपल्याकडे फिरताहेत आणि महावितरणनेही त्याबद्दल लोकांना वेळोवेळी सावध केलं आहे. लग्नपत्रिकेच्या नावाखाली आलेली फाइल उघडली आणि खातं रिकामं झालं, हेही लोकांनी पेपरात वाचलंय. पीडीएफ आणि एपीके, म्हणजे मोबाइलवर ॲप बसवणारी फाइल, यातला फरक सगळ्यांना कळतोच असं नाही. अशा काळात मंजूर भार, बिलांचे फोटो आणि लोकेशन मागणारा मेसेज, सोबत दोन फाइली, आणि पाठवणाऱ्याच्या प्रोफाइलवर कदाचित फोटो नाही की पत्ता नाही. शहाणा माणूस अशा मेसेजला उत्तर देणार नाही. घरी मुलाला दाखवेल, मुलगा म्हणेल, "बाबा, असल्याच्या नादी लागू नका."

दुसरी शक्यता याच्या अगदी उलटी आणि आपल्या भागात फार वेळा दिसणारी आहे. फॉर्म भरणारा माणूस त्या घरात राहतच नाही. मुलगा पुण्यात किंवा मुंबईत नोकरीला, शनिवारी रात्री निवांत बसलेला, गावच्या घराचं बिल ऑनलाइन भरताना त्याच्या डोक्यात येतं की सोलरचं बघावं. नंबर त्याचा, घर वडिलांचं, निर्णय दोघांचा. सोमवारी अकरा वाजता तो ऑफिसात असतो. तुम्ही छताचे फोटो मागता आणि ते काढायला तो गावाला जाणार पुढच्या महिन्यात. तो मेसेज वाचतो, 'नंतर बघू' म्हणतो आणि वर दहा मेसेज येऊन तुमचा खाली निघून जातो. हा माणूस पूर्ण इच्छुक आहे. त्याला आता देता येईल असं काही तुम्ही मागितलं नाहीत, इतकंच.

तिसरे असतात नुसतेच अंदाज घेणारे. तीन ठिकाणी फॉर्म भरतात, तीन भाव घेतात आणि दिवाळीनंतर बघू म्हणतात. यात वाईट काही नाही. पावणेदोन-दोन लाखांचा खर्च कोण एका भावावर करतं? पण या तिघांपैकी समोरचा कोण, हे फक्त त्याच्या पुढच्या एका वाक्यातून कळेल. ते एक वाक्य लिहिणं त्याला सोपं करून देणं, एवढंच दुसऱ्या मेसेजचं काम.

तर आज संध्याकाळी, साडेसहाच्या सुमारास, असं काहीतरी पाठवा:

> नमस्कार (त्यांचं नाव). मी कराडच्या (दुकानाचं नाव) मधून (तुमचं नाव). शनिवारी रात्री तुम्ही आमच्या वेबसाइटवर सबसिडीबद्दल विचारलं होतं, त्याचं उत्तर राहून गेलं. पैसे आधी पूर्ण भरावे लागतात. 3 किलोवॅटची 78,000 रुपये सबसिडी, सोलर सुरू होऊन तपासणी झाल्यावर, थेट तुमच्या बँक खात्यात जमा होते. आमच्याकडे 3 किलोवॅटला 1,95,000 रुपये, म्हणजे सबसिडी धरून तुमचे शेवटी 1,17,000 जातील. पण 2,800 बिलाला कदाचित 2 किलोवॅटही पुरेल. बघून सांगू का? वीजबिलाच्या एका फोटोवरून कळेल.

यात काही जोडू नका. फाइल नाही, लिंक नाही, कंपनी प्रोफाइल तर नाहीच. (कंपनी प्रोफाइल ज्यांनी छापून घेतलं त्यांच्याशिवाय कुणी पूर्ण वाचल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.)

यातल्या दोन-तीन गोष्टींबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढच्या फॉर्मला तुम्ही हाच मेसेज चिकटवायला गेलात तर तो चालणार नाही. 'शनिवारी रात्री तुम्ही सबसिडीबद्दल विचारलं होतं' हे वाक्य फसव्या मेसेजमध्ये असू शकत नाही, कारण त्यांनी कधी आणि काय विचारलं हे त्यांनाच आणि तुम्हालाच माहीत. ओळख पटवायला याहून स्वस्त साधन नाही. शेजारी दुकानाचं नाव आणि गाव असलं की ते वाटल्यास कुणाला तरी विचारू शकतात. तुम्ही पीएम सूर्यघर योजनेचे नोंदणीकृत विक्रेते असाल, तर पुढच्या मेसेजमध्ये तेही सांगा, 'pmsuryaghar.gov.in वर विक्रेत्यांच्या यादीत आमचं नाव पाहता येईल.' तुमच्या तोंडून 'आम्ही विश्वासू आहोत' ऐकण्यापेक्षा त्यांनी स्वतः यादीत पाहिलेलं बरं.

मग आकडे. पुष्कळ विक्रेते पहिल्यांदा भाव सांगायला कचरतात. भाव सांगितला की गिऱ्हाईक पळेल, आधी भेट होऊ द्या, असं त्यांना वाटतं. पण ज्याने सरळ भावच विचारला, त्याला भाव न सांगणं म्हणजे त्याचा प्रश्न टाळणं. योजनेची सबसिडी तर सगळीकडे जाहीर आहे: पहिल्या 2 किलोवॅटला प्रत्येकी 30,000, तिसऱ्याला 18,000, आणि त्यापुढे कितीही मोठं बसवलं तरी घराला 78,000 च्या वर नाही. हे तुम्ही सांगितलं नाही तर दुसरा सांगेल. वाईट म्हणजे कुणीतरी त्यांना 'सबसिडी आम्हीच वजा करून देतो' असं सांगेल आणि त्यांना तेच खरं वाटेल. सबसिडी आधी वजा होत नाही, हे ऐकून एखादा मागे फिरेल. फिरू द्या. ज्याला 1,95,000 एकदम उभे करणं जमणार नाही, त्याच्याशी पुढचं बोलणं बँकेच्या कर्जाचं असेल, आणि ते आजच कळलेलं बरं.

आता ते '2 किलोवॅटही पुरेल' हे वाक्य. बाबांना हे वाचून धक्का बसेल, म्हणून हिशोब मांडतो. महावितरणच्या घरगुती दराने 2,800 चं बिल म्हणजे ढोबळमानाने महिन्याला अडीचशे युनिट. एक किलोवॅट सोलर वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारएक युनिट देतं, म्हणजे 2 किलोवॅटचे महिन्याला 240 आणि 3 किलोवॅटचे 360. घरात एसी, वीजेची शेगडी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर येणार असेल तर 3 घ्यावं. नसेल तर वरची वीज ग्रीडमध्ये जाऊन पुढच्या बिलात वळती होत राहते, आणि वर्षअखेर उरलेल्या युनिटांचे जे पैसे मिळतात ते अगदीच कमी दराने. त्यासाठी जास्तीचं किलोवॅट घेण्यात अर्थ नाही. हे त्यांना कुणी सांगितलेलं नसणार, कारण त्यांनी फॉर्ममध्ये स्वतःच '3 किलोवॅट' लिहिलंय आणि विकणाऱ्याला ते सोयीचं आहे. तुम्ही उलट विचारलंत की त्यांना दोन गोष्टी कळतात: या माणसाने माझा फॉर्म वाचलाय, आणि हा मोठं गळ्यात मारत नाहीये. उत्तर येण्याची माझ्या मते सगळ्यात जास्त शक्यता या एका वाक्यात आहे.

आणि मागणी एकच: बिलाचा फोटो. तुम्हाला हव्या असलेल्या सहापैकी निम्म्या गोष्टी त्या एका कागदावर असतात. मंजूर भार असतो, फेज असतो, मागच्या महिन्यांचा वापर असतो आणि पत्ताही असतो. छत, सावली, पाण्याची टाकी, शेजारचा नारळ हे नंतर तुम्ही जाऊन बघणारच आहात. बजेट तर विचारूच नका. भाव सांगितल्यावर बजेट आपोआप कळतं. नोंदणीच्या वेळी लागणारा ओटीपी कधीही मेसेजवर मागू नका. तो घरी बसून, त्यांच्या हाताने टाकून घ्या.

फोन करायचा का? करा, पण एकदाच, आणि मेसेजच्या आधी नको. मेसेज गेला, दोन दिवसांत काही आलं नाही, की फोन. रविवारी सकाळी साडेदहा-अकराला किंवा कामाच्या दिवशी संध्याकाळी. दुपारी एक ते चार नको. गावात लोक जेवून आडवे होतात आणि शहरात ऑफिसात असतात. उचलला तर पहिलं वाक्य 'सोलरबद्दल बोलायचं होतं' असं नको, कारण ते ऐकून कॉल सेंटर समजून लोक ठेवून देतात. 'तुम्ही सबसिडीचं विचारलं होतं, मी कराडहून बोलतोय' असं म्हणा. नंतर लगेच विचारा, "घर कोण बघतं, तुम्ही का घरचे?" पुण्याच्या मुलाची गोष्ट इथे उलगडते. तो म्हणतो, "अहो, मी इथं आहे, बाबांशी बोला," आणि नंबर देतो. आणि असंही निघतं की ते फ्लॅटमध्ये राहतात, गच्ची सोसायटीची आहे. मग तो विषयच वेगळा, आणि दोघांचाही वेळ वाचला.

नाही उचलला तर पुन्हा पुन्हा लावू नका. एका संध्याकाळी चार मिस्ड कॉल पडले की समोरचा ट्रूकॉलरवर तुम्हाला स्पॅम म्हणून टाकतो, आणि ते लेबल मग पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर दिसतं. एक कॉल, आणि लगेच एक ओळ: 'आत्ता फोन मी केला होता, सबसिडीच्या प्रश्नासंदर्भात. सवडीने मेसेज केलात तरी चालेल.'

त्यानंतर आठवडाभर गप्प. मग तिसरा मेसेज, तोही त्यांच्या उपयोगाची एखादी गोष्ट असेल तरच. तुमच्याकडे मलकापूर भागात 2 किलोवॅट बसवलेलं एखादं घर असेल, तर घरमालकाला विचारून लिहा, 'तुमच्या जवळच एका घरी आम्ही 2 किलोवॅट बसवलंय, त्यांची हरकत नाही, तुम्ही जाऊन पाहू शकता.' यासारखं काही नसेल तर तिसरा मेसेज वगळा. 'फक्त आठवण करून देतोय' हा मेसेज कुणाच्याच उपयोगाचा नाही.

शेवटचा मेसेज पुढच्या दोनेक आठवड्यांनी:

> तुमच्या सोलरच्या चौकशीबद्दल मी आता पुन्हा मेसेज करणार नाही. जमल्यास एकच सांगा: (1) पुढे बघू, (2) दुसरीकडे दिलं, (3) आता नको. नुसता आकडा पाठवलात तरी चालेल.

अशा मेसेजला अचानक उत्तरं येतात, कारण एक आकडा टाइप करायला काही लागत नाही आणि 'नाही' म्हणण्याचा संकोच उरत नाही. आपल्याकडे तोंडावर नको म्हणणं लोकांना फार जड जातं, म्हणून ते गप्प बसतात. हे दार त्यांना उघडून द्या. पण हा मेसेज युक्ती म्हणून पाठवणारेही आहेत. 'शेवटचा मेसेज' म्हणतात आणि पुढच्या सोमवारी पुन्हा हजर. लिहिलंत की पाळा.

म्हणजे सगळं मिळून तीन किंवा चार मेसेज आणि एक फोन, सुमारे महिन्याभरात. सात हा आकडा कुठून आला असेल, माहीत नाही, पण समोरच्याला नवीन सांगण्यासारखं तुमच्याकडे सात वेळा नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आणि व्हॉट्सॲपवर 'ब्लॉक' आणि 'रिपोर्ट' एका बोटाच्या अंतरावर आहे. पुरेशा लोकांनी रिपोर्ट केलं तर व्हॉट्सॲप नंबर बंद करतं, आणि तो बहुधा तुमच्या दुकानाच्या पाटीवरचाच नंबर असतो.

आता वेळेचं बोलू. शनिवारी रात्री पावणेअकराचा प्रश्न आणि सोमवारी अकराचं उत्तर यात छत्तीस तासांहून जास्त गेले. 2011 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत एक पाहणी आली होती. त्यात अमेरिकेतल्या दोन हजारांवर कंपन्यांकडे वेबसाइटवरून चौकशा पाठवून त्या किती वेळात उत्तर देतात ते पाहिलं होतं. जवळपास एक चतुर्थांश कंपन्यांनी उत्तरच दिलं नव्हतं. आणि त्याच लेखातल्या दुसऱ्या एका अभ्यासात, तासाभरात संपर्क करणाऱ्यांची निर्णय घेणाऱ्या माणसाशी नीट बोलणी होण्याची शक्यता, तासाभरानंतर करणाऱ्यांच्या जवळपास सातपट निघाली होती. हे सगळं अमेरिकेतलं आणि फोनच्या काळातलं आहे, त्यामुळे सातपटीचा आकडा कराडला जसाच्या तसा लावू नका. पण कारण इथेही तेच आहे: फॉर्म भरताना माणसाच्या हातात बिल असतं, डोक्यात विषय असतो. सोमवारपर्यंत तो विषय निघून गेलेला असतो.

म्हणून रात्री जागत बसायची गरज नाही. फॉर्म भरल्यावर लगेच एक आपोआप उत्तर जाऊ द्या, पण 'धन्यवाद, आमचे प्रतिनिधी लवकरच संपर्क साधतील' हे नको. 'तुमचा प्रश्न मिळाला. उद्या सकाळी दहा ते बारामध्ये या नंबरवरून उत्तर देतो,' आणि पुढे नंबर. मग दुसऱ्या दिवशी मेसेज आला की तो अनोळखी राहत नाही. रविवारी दुकान बंद असेल तर तसं लिहा. दिलेली वेळ मात्र पाळा.

दुसरं एक काम याच आठवड्यात करा. मित्राच्या मोबाइलवरून स्वतःचाच फॉर्म भरा आणि काय घडतं ते बघा. चौकशीचा ईमेल तुमच्या स्पॅममध्ये तर पडत नाही ना? नऊ आकडी नंबर टाकला तर फॉर्म अडवतो का? व्हॉट्सॲप बिझनेसच्या प्रोफाइलवर दुकानाचा फोटो, पत्ता, वेळ आहे का? या माणसाच्या बाबतीत ब्लू टिक आली, म्हणजे मेसेज वाचला गेला. पण ज्यांची एकच टिक दिवसेंदिवस तशीच आहे, त्यांचा मोबाइल बंद असेल, नंबर चुकला असेल, किंवा त्यांनी तुम्हाला ब्लॉक केलं असेल. दोन राखाडी टिकांवरून तर काहीच ठरवू नका. कित्येकांनी ब्लू टिक बंदच करून ठेवलेली असते. एकच टिक असेल तर फॉर्ममधल्या ईमेलवर एक ओळ टाका आणि विषयात त्यांचाच प्रश्न लिहा.

सोलर न विकणाऱ्या वाचकांनीही एवढंच ताडून पाहावं. पालकांनी क्लासच्या फॉर्ममध्ये विचारलं, 'नववीची बॅच किती वाजता सुटते? मुलगी एकटी येणार आहे,' आणि उत्तर गेलं, 'कृपया मोफत डेमो लेक्चरला भेट द्या.' केटरिंगवाल्यांना विचारलं, 'ऐंशी पानांसाठी करता का?' आणि गेली मेन्यूची बारा पानी पीडीएफ. दोन्हीकडे पुढे शांतता. पहिला मेसेज आधी उत्तराचा असावा, मागणीचा नंतर.

आता सोडून देण्याबद्दल. शेवटच्या मेसेजलाही काही आलं नाही की वहीत नोंद करून थांबा. वहीत एक रकाना 'त्यांनी काय विचारलं होतं' यासाठी ठेवा. पुढे कधी त्या प्रश्नाशी जोडलेली खरी बातमी आली, तरच पुन्हा लिहायचा हक्क तुम्हाला राहतो. 22 सप्टेंबर 2025 पासून सोलरच्या साहित्यावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा 'भाव किती' विचारून गप्प बसलेल्या प्रत्येकाला 'तुम्हाला सांगितलेला दर आता इतका झाला' असं कळवणं रास्त होतं. दिवाळीच्या शुभेच्छांचं बॅनर पाठवणं रास्त नाही. त्यांनी नंबर एका प्रश्नाच्या उत्तरासाठी दिला होता. त्याची ब्रॉडकास्ट लिस्ट करू नका. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याची दिशाही तीच आहे. आणि 'सबसिडी संपत आली, शेवटचे तीन दिवस' हे तर अजिबात लिहू नका. योजना 2026-27 पर्यंत जाहीर झालेली आहे, आणि तुमचं गिऱ्हाईक तुमच्यासमोरच गुगलवर बघून घेईल.

बाबांना एक सांगा: भाव पडतो तो मागे लागल्याने, आणि तुम्ही मागे लागणार नाही आहात. फक्त विचारलेल्याचं उत्तर देणार आहात, जे दुकानात ते स्वतः रोज देतात.

मलकापूरचे गृहस्थ '2, दुसरीकडे दिलं' असं कळवतील, ही शक्यता बरीच आहे. आठवडा गेलाय. तसं झालं तर किती दराने दिलं ते विचारू नका, त्या दुसऱ्याला नावं ठेवू नका. 'अभिनंदन. नेट मीटर बसेपर्यंत कागदपत्रांचं काही अडलं तर विचारा' एवढं लिहा. पॅनेल चढवणारे पुष्कळ आहेत, पण मीटर आणि सबसिडीचं काम लावून धरणारे कमी, आणि तिथे अडलेला माणूस कुणालातरी फोन करतोच.